पप्पांना लिहिलेलं पत्र: तास वाढले आणि मॉकचे मार्क ५२० वरून ४१९ वर आले (नीट, रिपीटर)

द्राक्षमळा (धागाकर्ती)

नमस्कार. मी नीटची रिपीटर आहे. गाव निफाड तालुक्यात, सध्या नाशिकला गंगापूर रोडजवळ दोघीजणी रूम करून राहतो. रविवारच्या मॉक टेस्टचा निकाल मेसेजनं थेट पप्पांच्या मोबाइलवर गेला. ७२० पैकी ४१९. डिसेंबरच्या मॉकला ५२० होते. पप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, "बारा-बारा तास बसतेस ना तू?" मी हो म्हणाले आणि पुढे बोलताच येईना. ते रागावले असते तर परवडलं असतं.

फोनवर मला धड सांगता येत नाही म्हणून पत्र लिहिलं आहे. शनिवारी घरी जाईन तेव्हा हातात देणार. त्याआधी इथल्या जाणत्यांनी एकदा वाचावं. मी कारणं सांगते आहे की सबबी, तेच मला कळेनासं झालंय.

---

पप्पा,

तुम्ही विचारलंत, बारा तास बसतेस ना. बसते. रोज रात्री फोनवर जे तास सांगते ते खरे आहेत, एकही वाढवून सांगितलेला नाही. पण त्या तासांत मी काय करते हे कधी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. मलासुद्धा ते निकालानंतर दोन दिवस पेपर उघडून बसले तेव्हा दिसलं.

आधी मार्कांचा हिशोब. पेपर १८० प्रश्नांचा, बरोबर आलं की ४, चुकलं की १ वजा. डिसेंबरला माझे १३८ बरोबर, ३२ चूक आणि १० सोडलेले होते. या वेळी ११८ बरोबर, ५३ चूक, ९ सोडलेले. वीस बरोबर कमी झाले त्याचे ८० गेले आणि एकवीस चुका वाढल्या त्याचे २१. मिळून १०१.

मला वाटलं होतं फिजिक्सनं घात केला. तसं नाही. फिजिक्स ९६ होते ते ९८ झाले. केमिस्ट्री ११२ वरून ९७. आणि बायोलॉजी ३१२ वरून २२४. एकशे एकातले ८८ मार्क एकट्या बायोलॉजीत गेले. पप्पा, माझे सगळ्यात जास्त तास बायोलॉजीवरच जातात. हे कागदावर मांडल्यावर मी कितीतरी वेळ नुसती त्या आकड्याकडे बघत होते.

अभ्यासिकेत मी एनसीईआरटीचं पुस्तक घेऊन बसते आणि वाचते. पहिल्यांदा वाचताना महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरवला. दुसऱ्यांदा राहिलेल्या ओळींवर. आता प्रकाशसंश्लेषणाचं जवळजवळ अख्खं पान पिवळं आहे आणि त्यातलं महत्त्वाचं कुठलं ते मलाच सांगता येत नाही. तो धडा माझा आठ वेळा वाचून झालाय. पेपरात आलं, केल्विन चक्रात ग्लुकोजचा एक रेणू तयार व्हायला किती एटीपी आणि किती एनएडीपीएच लागतात. ते कुठल्या पानावर आहे, डाव्या बाजूला आहे, खाली तक्ता आहे, हे सगळं डोळ्यांसमोर आलं. पण १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच की उलट, ते येईना. मी उलट भरलं. असे चोवीस प्रश्न आहेत, जिथे दोन पर्यायांवर येऊन अडकले आणि चुकीच्या बाजूला गेले. त्या चोवीसही ओळी माझ्या पुस्तकात पिवळ्या आहेत.

पंधरा चुका घाईच्या आहेत. "चुकीचे विधान ओळखा" असं होतं, मी बरोबर विधान ओळखून आले. भिंगाचं नाभीय अंतर २५ सेंटीमीटर दिलं होतं, मीटर न करता एक भागिले पंचवीस केलं. उत्तर ४ डायॉप्टर, आणि माझं ०.०४ तिथे पर्यायात टपून बसलेलं होतंच. उरलेल्या चौदा शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजानं भरलेल्या.

घाई का झाली तेही सांगते, कारण ती चूक पूर्ण माझी आहे. डिसेंबरपर्यंत मी बायोलॉजी आधी सोडवायचे. मग एका टॉपरचा व्हिडिओ बघितला, डोकं ताजं असताना फिजिक्स घ्या म्हणून. कुणालाही न विचारता या पेपरला क्रम बदलला. पंचेचाळीस प्रश्नांच्या फिजिक्सला पाऊण तास द्यायचा तर सव्वा तास गेला. केमिस्ट्रीला एक तास. बायोलॉजीच्या नव्वद प्रश्नांना पंचेचाळीस मिनिटं राहिली, आणि त्यातच गोल भरायचे. एका प्रश्नाला अर्धा मिनिट. फिजिक्सला एवढा वेळ देऊन वाढले किती, तर दोन मार्क.

मला माहीत आहे तुम्ही या थंडीत रात्री बागेत शेकोट्या पेटवायला उठता आणि पहाटे पाच वाजता मला उठवायला फोन करता. म्हणून हे लपवावंसं वाटत होतं. पण मार्क आळसानं गेले नाहीत आणि मी मोबाइलवर वेळही घालवला नाही. मी चुकीचं मोजत होते. तास मोजले, काय आठवतंय ते मोजलं नाही.

एक मागणं आहे. महिनाभर मला रात्री तास विचारू नका. मी जास्त तास सांगता यावेत म्हणून बसून राहते, असं माझ्या लक्षात आलंय.

तुमची,
(नाव)

---

मखमलाबादकर

पत्र प्रामाणिक आहे, पण कारण तू उगाच लांब शोधते आहेस. ५३ चुका, म्हणजे सरळ ५३ मार्क वजा. मी जेईई दिली तेव्हा आमचे सर एकच सांगायचे, खात्री नसेल तर हात लावायचा नाही. त्या चोवीस आणि चौदा, ३८ प्रश्न सोडले असतेस तर आज ४५७ असते. तुक्के बंद कर, बाकी अभ्यास आहे तसाच चालू दे. आणि सीईटीचा फॉर्म भर, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही.

आडगावची_आई

वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे हेच चालू आहे, फक्त मुलगा आहे आणि जेईई आहे. त्याचे बाबा कंपनीतून आले की पहिला प्रश्न, किती तास झाले? मुलगा दार लावून बसतो. मी एकदा चहा द्यायला गेले तर पुस्तक उघडं आणि हा टक लावून भिंतीकडे बघतोय. विचारलं तर म्हणाला, "सात तास झालेत, अजून तीन राहिलेत." जणू शिक्षा भोगतोय.

तुला एक विचारते बाळा, झोपतेस किती? आणि दुपारी काय करतेस?

द्राक्षमळा

रात्री दीडला झोपते, पाचला पप्पांचा फोन येतो. दुपारी जेवून दोन ते साडेतीन झोपते, नाहीतर उभं राहवत नाही.

आडगावची_आई

आणि नीटचा पेपर असतो दुपारी दोन ते पाच. तुमची मॉकही त्याच वेळेला असणार. रोज ज्या वेळेला झोपतेस नेमक्या त्याच वेळेला तू पेपर देते आहेस. मे महिन्यात तर वर उन्हाचा कडाका. पत्रात हे लिहिलंच नाहीस.

नुसता_वाचक

रूमचा त्रास असेल तर कॅनडा कॉर्नरच्या बाजूला मुलींसाठी चांगल्या अभ्यासिका आहेत, शांत असतात. मेसचा डबाही मिळतो. क्लास बदलायचा असेल तर मात्र वर्षाच्या मध्ये बदलू नकोस, फी परत मिळत नाही.

द्राक्षमळा

काका, क्लास किंवा जागा बदलायची नाही. फक्त पत्र बरोबर आहे का ते विचारते आहे. तरी धन्यवाद.

जुनी_प्रयोगशाळा

मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्या अधिकारानं थोडं स्पष्ट लिहिते.

तुझं पत्र चांगलं आहे ते एका वाक्यामुळे. पान डोळ्यांसमोर आलं, आकडा आला नाही. वारंवार वाचलं की पान ओळखीचं होतं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. माणूस समोर आला की चेहरा ओळखतो, पण नाव आठवत नाही, त्यातला प्रकार. नीटचे पर्याय तर असे बेतलेले असतात की चारही ओळखीचे वाटावेत. १८ आणि १२ हेही ओळखीचं, १२ आणि १८ हेही. तिथे ओळख कामाला येत नाही, पुस्तक मिटून आठवण्याची सवय लागते. ती तू आठ वाचनांत एकदाही केलेली दिसत नाहीस.

पण मला तुझ्या हिशोबात एक गोष्ट खटकते. तू ४१९ च्या पेपराची चिरफाड केलीस, ५२० च्या पेपराची केली नाहीस. डिसेंबरला बायोलॉजीत नव्वदपैकी किती बरोबर होते? ३१२ यायला ऐंशीच्या आसपास हवेत. जी मुलगी फक्त वाचते तिचे ऐंशी कसे आले? तो पेपर कुठून काढला होता?

दुसरं, बॅचमधल्या बाकीच्यांचं काय झालं? एकट्या तुझे पडले की सगळ्यांचे?

द्राक्षमळा

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून मी डिसेंबरचा पेपर काढला. ८० बरोबर, ८ चूक, २ सोडलेले.

खरं सांगायचं तर त्या पेपरातली बायोलॉजी जवळजवळ सगळी मागच्या वर्षांच्या नीटच्या प्रश्नांची होती. तो प्रश्नसंच मी दिवाळीच्या आधी दोनदा सोडवला होता. पेपर देताना कितीतरी प्रश्नांत वाक्य पूर्ण वाचायच्या आधी उत्तर कळत होतं. तेव्हा वाटलं अभ्यास झालाय. जानेवारीच्या पेपरात प्रश्न नवीन होते, जोड्या लावा आणि दोन विधानांचे भरपूर. हे मी पत्रात लिहिलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही, पण ५२० आपले नव्हेत असं म्हणायला मन धजलं नाही.

बॅचमध्ये पहिला आला त्याचे डिसेंबरला ६६८ होते, आता ६३१. बऱ्याच जणांचे उतरलेत.

जुनी_प्रयोगशाळा

मग तुझं खरं माप ५२० कधीच नव्हतं. प्रश्न आधी पाहिलेले असले की मार्क ज्ञानाचे नसतात, त्या प्रश्नांच्या आठवणीचे असतात. मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवावेतच, पण त्यांच्यावर स्वतःला मोजायचं तर पहिल्याच वेळेला.

पहिल्याचे ३७ उतरले म्हणून तुझ्या १०१ मधून ३७ पेपरच्या खात्यात टाक, असंही मी म्हणणार नाही. अवघड पेपराचा फटका वरच्याला आणि मधल्याला सारखा बसत नाही. एवढंच म्हणता येतं की काही भाग पेपरचा, काही क्रम बदलल्याचा, काही झोपेचा, आणि बराचसा आधीपासूनच नसलेला. नेमकी वाटणी कुणालाच करता येणार नाही. पत्रात ती करण्याचा प्रयत्नही करू नकोस.

मखमलाबादकर, तुमच्या तुक्क्यांच्या मुद्द्याला माझी हरकत आहे. चार पर्यायांत डोळे मिटून चार गोल भरले तर सरासरीनं एक बरोबर आणि तीन चूक. चार वजा तीन, हातात एक उरतो. नुकसान नाही, फायदाही नगण्य. पण दोन पर्याय नक्की कापता आले तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक, म्हणजे तीन मार्क मिळाले. ते सोडायला सांगणं म्हणजे मिळणारे मार्क टाकून द्यायला सांगणं.

मखमलाबादकर

पण मॅडम, तिच्या बाबतीत चोवीसच्या चोवीस चुकलेत ना? मग कसला अर्धा-अर्धा?

जुनी_प्रयोगशाळा

तिनं फक्त चुकलेले प्रश्न मोजले आहेत. दोन पर्यायांवर अडकून बरोबर आलेले किती, ते तिला माहीतच नाही, कारण बरोबर आलेल्या प्रश्नाकडे कुणी वळून बघत नाही. चूक तेवढी दिसते, नशीब दिसत नाही.

म्हणून पुढच्या मॉकला हे कर. प्रश्नपत्रिकेवर कच्चं काम करता येतंच. खात्रीनं उत्तर भरलंस की प्रश्नाच्या क्रमांकाशी छोटी टिकली कर, शंका असली की शून्य काढ. यात पाच सेकंदसुद्धा जात नाहीत. निकालानंतर चार ढीग कर: खात्री होती आणि बरोबर, खात्री होती आणि चूक, शंका होती आणि बरोबर, शंका होती आणि चूक. आत्ताच्या पेपरावर आठवून हे करू नकोस. उत्तर कळल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्याला तेव्हा शंका होतीच.

सगळ्यात महाग ढीग दुसरा. तिथे तू पुन्हा वाचायला कधी जाणारच नाहीस, कारण तुझ्या मते ते येतंय.

मखमलाबादकर

हे मी कधी मोजलं नव्हतं. पण परीक्षेच्या ताणात दोन पर्याय "नक्की" कापले आहेत की तसं वाटतंय, हे कसं कळणार? माझा त्यातच घोळ व्हायचा.

जुनी_प्रयोगशाळा

ते टिकल्यांवरूनच कळतं. शंकेच्या ढिगात पाचात एक सुद्धा बरोबर येत नसेल तर तुमचं कापणं खोटं आहे, मग सोडा. प्रत्येकाचं वेगळं असतं.

बागाईतदार_पिंपळगाव

मी शेतकरी बाप. माझी मुलगी याच परीक्षेतून गेली, तिला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. पोरी, पत्र बापाच्या नजरेनं वाचलं म्हणून सांगतो.

"तुम्हीही विचारलं नाहीत" हे वाक्य काढ. खरं असलं तरी काढ. तिथे माणूस अडकतो आणि पुढचं वाचत नाही. आणि तास विचारू नका म्हणतेस, मग त्यांनी विचारायचं काय? बापाला तुझ्या केल्विन चक्रातलं काही कळत नाही. तास कळतात, म्हणून तास विचारतो. तास काढून घेतेस तर त्या जागी दुसरं काहीतरी दे.

आपण फवारणीची वही लिहितो. छाटणीपासून कितवा दिवस, कुठलं औषध, किती लिटर. निर्यातीचा माल असेल तर ती वही दाखवल्याशिवाय चालत नाही. तशी काही एक ओळीची नोंद सांग, जी त्यांना फोनवर ऐकून लिहिता येईल.

आणि शनिवारी लगेच देऊ नकोस. माल काढणीला आला असेल तर व्यापारी, मजूर, गाडी, शनिवारी डोकं ठिकाणावर नसतं. रविवारी सकाळी दे.

आडगावची_आई

मला वाटतं पत्र देण्यापेक्षा तोंडानं बोलावं. पत्र हातात दिलं की घरात सगळ्यांना वाटतं काहीतरी मोठं घडलंय.

बागाईतदार_पिंपळगाव

ताई, आमच्या घरात तोंडानं बोललं की आवाज चढतो. कागद बरा. ज्याचं त्यानं ठरवावं.

द्राक्षमळा

सगळ्यांचं वाचून पत्र बदललं. ते वाक्य काढलं, झोपेचं घातलं. शेवटचा भाग आता असा आहे:

"पप्पा, अजून एक सांगायचं राहिलं आणि ते सगळ्यात अवघड आहे. डिसेंबरचे ५२० माझे पूर्ण नव्हते. त्यातले बायोलॉजीचे प्रश्न मी आधी सोडवलेले होते. तुम्ही ते मार्क मामांना सांगितलेत, गावात सांगितलेत, तेव्हा मी गप्प बसले. म्हणून ४१९ वर येणं तुम्हाला जेवढं मोठं वाटतंय तेवढी मी खाली पडलेली नाही. मी आधीच त्याच्या आसपास होते, आपल्याला दिसत नव्हतं.

आता बायोलॉजीचं एक पान वाचलं की पुस्तक मिटते आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिते. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेननं भरते. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं तेच पान पुन्हा कोऱ्या कागदावर. काल पहिल्यांदा केलं. आठ वेळा वाचलेल्या पानावर निम्म्याहून जास्त लाल झालं. वेळ दुप्पट लागतो, त्यामुळे रोजची पानं कमी होणार. ते बघून घाबरू नका, मीही घाबरणार नाही.

रात्री बाराला झोपणार आहे. सकाळी साडेसहाला फोन करा. आणि फोनवर मला तासांऐवजी विचारा, आज किती पानं कोऱ्या कागदावर आली आणि किती लाल झाली."

जुनी_प्रयोगशाळा

आता हे पत्र तुझं आहे. एक सूचना. अख्ख्या एनसीईआरटीला ही पद्धत लावायला गेलीस तर मे महिना येईल आणि पुस्तक संपणार नाही. तक्ते, आकृत्या, क्रम आणि आकडे असलेली पानं आधी घे. मानवी प्रजनन, जैविक वर्गीकरण, श्वसन, प्रकाशसंश्लेषण. जिथे नुसतं वर्णन आहे तिथे वाचन आणि प्रश्न पुरेत. आणि बायोलॉजी पहिल्या पन्नास-पंचावन्न मिनिटांत उरकायची, क्रम पुन्हा बदलायचा नाही.

मखमलाबादकर

क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. मी फिजिक्सच आधी घ्यायचो आणि मला जमायचं. पण पेपर जवळ आल्यावर प्रयोग नको, एवढं मान्य.

द्राक्षमळा (बारा दिवसांनंतर)

उशीर झाला. रविवारी सकाळी पत्र दिलं. पप्पांनी ओट्यावर बसून दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "मग ते ५२० खोटे होते का?" मी म्हटलं, खोटे नव्हते, पण नव्या पेपराला चालणारे नव्हते. ते काही बोलले नाहीत, बागेत निघून गेले. दुपारी आईला म्हणाले, मामाला आता काय सांगायचं. ते मला आवडलं नाही, पण मी गप्प बसले.

काल मॉक झाली. टिकल्या आणि शून्यं केली. बायोलॉजी आधी घेतली, बावन्न मिनिटांत झाली. एकूण ४५८. बरोबर १२५, चूक ४२, सोडलेले १३.

ढीग असे: खात्रीचे १२१, त्यातले १०४ बरोबर आणि १७ चूक. शंकेचे ४६, त्यातले २१ बरोबर, २५ चूक. म्हणजे शंकेच्या प्रश्नांतून ८४ मिळाले, २५ गेले, हातात ५९ आले. मखमलाबादकर दादा, ते सगळे सोडले असते तर ३९९ झाले असते.

त्या सतरा खात्रीच्या चुका बघून मात्र पोटात गोळा आला. त्यातले अकरा बायोलॉजीचे. एक तर मासिक चक्रातला होता, कॉर्पस ल्युटियम मुख्यतः कोणतं संप्रेरक स्रवतं. मी टिकली करून एलएच भरलं. उत्तर प्रोजेस्टेरॉन. एलएचमुळे अंडोत्सर्ग होतो हे मला येतं, त्या ओळीच्या शेजारचीच ओळख मी खात्री समजून बसले.

पप्पा रोज साडेसहाला फोन करतात. तास विचारत नाहीत. पानंही रोज विचारत नाहीत, कधी कधी नुसतं "जेवलीस का" म्हणून ठेवतात.

मखमलाबादकर

३९९ चा हिशोब मी स्वतः करून पाहिला. बरोबर आहे. माझा सल्ला मागे घेतो.

जुनी_प्रयोगशाळा

सतराच्या सतरा प्रश्न एका वहीत उतरव. प्रत्येकासमोर आपण काय समजत होतो ते एका ओळीत लिही आणि बरोबर काय ते दुसऱ्या ओळीत. नुसतं बरोबर उत्तर लिहून ठेवलंस तर जुनी समजूत पेपरात परत वर येते. एलएच आणि प्रोजेस्टेरॉनचं तू आत्ता लिहिलंस तसंच.

४१९ वरून ४५८ याला अजून सुधारणा म्हणू नकोस. क्रम परत जागेवर आल्यानं आणि झोपेनंसुद्धा एवढा फरक पडतो. पुढच्या दोन पेपरांत खात्रीच्या चुका सतरावरून खाली येतात का ते बघ.

आडगावची_आई

माझ्या मुलाला टिकल्यांचं दाखवलं. जेईईला पेपर कॉम्प्युटरवर असतो, मग खुणा कुठे करायच्या?

मखमलाबादकर

ताई, कच्च्या कामाचे कागद मिळतात, त्यावर प्रश्नक्रमांक लिहून शेजारी खूण करायची. स्क्रीनवर "मार्क फॉर रिव्ह्यू" पण आहे. घरच्या सरावाला मात्र वहीत सहज होतं.

बागाईतदार_पिंपळगाव

पोरी, मामाचं मनावर घेऊ नकोस. बापाला चार माणसांत सांगितलेला आकडा मागे घ्यायला वेळ लागतो. पण दीड तास उशिरा फोन करतो म्हणजे त्यानं पत्र वाचलंय.

द्राक्षमळा

हो काका.

मॅडम, एक राहिलं. फिजिक्स तीन पेपरांत ९६, ९८ आणि ९४. कोऱ्या कागदाचा तिथे काही उपयोग होत नाही, सूत्रं सगळी लिहिता येतात. गणित पुढ्यात आलं की कुठलं सूत्र लावायचं तेच सुचत नाही. तिथे काय मोजायचं?

जुनी_प्रयोगशाळा

फिजिक्स माझा विषय नाही, अंदाजानं सांगणार नाही. सोडवलेलं न बघता पहिली ओळ स्वतः लिहिता आली असे दिवसाला किती प्रश्न होतात, ते आठवडाभर मोजून इथे टाक. कुणीतरी फिजिक्सवाले येतील.